गंजून जाम झालेला उजवा बी.बी. कप: जोराआधी पकड बघा

प्रश्न: "स्टील फ्रेमची जुनी हायब्रीड सायकल आहे. घर केरीला, समुद्र जवळच. पेडल मारताना खालून करकर आवाज यायचा म्हणून बॉटम ब्रॅकेट बदलायला घेतलं. दोन्ही क्रँक निघाले, डावा कपही निघाला, पण चेनकडचा उजवा कप हलायला तयार नाही. दोन्ही दिशांना फिरवून पाहिलं, डब्ल्यूडी-४० मारून दोन दिवस ठेवलं. आता टूल सरकतंय आणि कपाच्या आतले दात थोडे खराब झालेत. पान्याला लांब पाईप लावून जोर दिला तर फ्रेम वाकेल का? की सरळ ग्राइंडर लावू?"

ग्राइंडर सध्या बाजूला ठेवा, आणि पाईपही. तुमचा जोर कमी पडत नाहीये. टूलची पकड कमी पडतेय, आणि तेल जिथे पोचायला हवं तिथे पोचलेलं नाही. या दोन गोष्टी सुधारल्या तर असे बहुतेक कप निघतात. म्हापशात माझ्या दुकानात मोरजी, हरमल, मांद्रे या पट्ट्यातल्या सायकली बऱ्याच येतात आणि बॉटम ब्रॅकेट, म्हणजे बी.बी., जाम झाल्याची तक्रार त्यात नेहमीचीच असते, तेव्हा अनुभवावरून सांगतो.

दोन गोष्टी मला इथून दिसत नाहीत, त्या तुम्हीच तपासा. पहिली म्हणजे तुमच्या बी.बी.चे आटे कुठल्या जातीचे आहेत. आपल्याकडच्या बहुतेक सायकलींना बी.एस.ए. आटे असतात. काढलेल्या डाव्या कपावर १.३७ × २४ असं कोरलेलं दिसलं तर प्रश्न मिटला. ३६ × २४ असेल तर ती इटालियन जात, आणि तिथे दोन्ही बाजूंचे कप साध्या बोल्टसारखे उलट काट्याने सुटतात. बी.एस.ए.मध्ये मात्र उजव्या कपाचे आटे उलटे असतात, म्हणजे उजव्या बाजूला उभं राहून बघितलं तर तो घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवल्यावर सुटतो. लक्षात ठेवायला सोपं सांगतो: पुढे जाण्यासाठी पेडल ज्या दिशेने मारतो, त्याच दिशेला बी.एस.ए.चे दोन्ही कप सुटतात. उजवाही आणि डावाही.

तुम्ही "दोन्ही दिशांना फिरवून पाहिलं" म्हणता. म्हणजे त्यातल्या निम्म्या वेळा तुम्ही तो आणखी आवळत होता. दिशा एकदा नक्की करा आणि फ्रेमवर चिकटपट्टी लावून मार्करने बाण काढून ठेवा. पुढे फ्रेम आडवी-उलटी झाली की भल्याभल्यांचा गोंधळ होतो, तेव्हा हा बाण कामाला येतो.

दुसरी गोष्ट म्हणजे कप कशाचा आहे. फ्रेम स्टीलची आहे हे तुम्ही सांगितलंत. कपाला लोहचुंबक लावून बघा. चिकटला तर स्टीलमध्ये स्टील, म्हणजे साधा लाल गंज. चिकटला नाही आणि कडेला पांढरी भुकटी दिसली तर कप ॲल्युमिनियमचा आहे. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारट पाणी असलं की ॲल्युमिनियम झिजत जातं आणि त्याची पांढरी भुकटी आट्यांमध्ये घट्ट भरून बसते. एक्सल आणि बेअरिंग एकाच बंद नळीत असतात त्या कार्ट्रिज बी.बी.चा उजवा कप बहुधा स्टीलचा आणि कार्ट्रिजच्या नळीशी जोडलेलाच असतो. सुटा येतो तो डावा. तुमचं तसंच असणार असं धरून पुढचं लिहितो.

आता तेलाचं. तुम्ही डब्ल्यूडी-४० बाहेरून कपाच्या कडेला मारलं असणार. उजव्या कपाला बाहेरून कॉलर असते आणि ती फ्रेमच्या तोंडावर दाबून बसलेली असते, त्यामुळे बाहेरून मारलेलं तेल तिथेच अडतं. शिवाय साधं डब्ल्यूडी-४० हे काही मुरणारं तेल नव्हे. खास गंज सोडवायचं मुरणारं तेल स्प्रेच्या डब्यात मिळतं, तेच घ्या. नाही मिळालं तर ॲसिटोन आणि गाड्यांचं ऑटोमॅटिक ट्रान्समिशन ऑइल निम्मं-निम्मं मिसळून वापरणारे बरेच मेकॅनिक आहेत. मीही वापरतो. फक्त ते दर वेळी हलवून घ्यायचं, कारण थोड्या वेळात दोन्ही वेगळी होतात. ॲसिटोन रंगावर सांडलं तर रंग गेला समजा, आणि विडी-सिगारेट, गॅस, शेगडी यांच्याजवळ ते उघडायचंही नाही.

तुमचा डावा कप निघालाय हे फार बरं झालं. सीटपोस्ट काढा, फ्रेम उजव्या कुशीवर आडवी टाका आणि बॅटरी घेऊन डाव्या तोंडातून आत बघा. मध्ये कार्ट्रिजची नळी दिसेल, तिच्याभोवती फ्रेमची भिंत आणि दोघांमध्ये थोडी मोकळी जागा. त्या जागेच्या तळाशी उजव्या कपाच्या आट्यांचं आतलं टोक आहे. गंज तिथूनच सुरू झालेला असतो, कारण सीट ट्यूबमधून उतरलेलं पाणी तिथेच साचतं. तेल ओतायची जागा तीच. आधी आतला चिखल आणि सुटा गंज जुन्या टूथब्रशने काढून टाका, नाहीतर तेल सगळं तो चिखलच पितो. मग तळाला थोडं साचेल इतकं तेल ओता आणि फ्रेम तशीच आडवी राहू द्या. रोज संध्याकाळी थोडं तेल वाढवा आणि बॉटम ब्रॅकेटच्या नळीला बाहेरून, चहू बाजूंनी, लाकडाचा तुकडा मध्ये धरून हातोडीने बारीक ठोके द्या. कंपनाने गंजाला बारीक तडे जातात आणि तेल त्यांतून आत शिरतं. निदान चार-पाच दिवस द्या. तेल खाली, उजव्या कपाच्या कडेने पाझरून जमिनीवर डाग पडायला लागला, तर आट्यांतून वाट मोकळी झाली असं समजा. हा डाग दिसला की माझा अर्धा जीव भांड्यात पडतो.

मधल्या दिवसांत पकडीचं बघू. कार्ट्रिजच्या कपाला आत २० बारीक दात असतात आणि ते उथळ असतात. टूल थोडं तिरकं झालं की दातांवर चढतं आणि त्यांची टोकं खाऊन टाकतं. हाताने टूल दाबून धरून दुसऱ्या हाताने पाना ओढणं, हेच दात जाण्याचं मुख्य कारण. आधी दातांमधली घाण दाभणाने किंवा जुन्या स्पोकच्या टोकाने एकेक खाच उकरून काढा. गंजाचा नुसता एक थर राहिला तरी टूल पूर्ण आत बसत नाही. मग टूल बसवून त्यावर हातोडीचे दोन-तीन सरळ ठोके द्या, म्हणजे ते तळापर्यंत जाईल.

आणि आता टूल तिथे बोल्टने बांधून टाका. चौकोनी एक्सलच्या टोकाला क्रँक बोल्टचे आटे असतात. टूलच्या मधल्या भोकातून बोल्ट घालायचा, डोक्याखाली जाड वॉशर ठेवायचा आणि एक्सलमध्ये आवळायचा. टूल मग कपाला चिकटून बसतं, सरकायला जागाच राहत नाही. तुमचा जुना क्रँक बोल्ट बहुधा लांबीला कमी पडेल, कारण टूलची जाडी मध्ये येते. हार्डवेअरच्या दुकानात आठ एम.एम.चा बोल्ट मागितला तर तो सव्वा एम.एम. पिचचा देतात. क्रँक बोल्टचा पिच १ एम.एम. असतो. दोन्ही दिसायला सारखेच, पण साधा बोल्ट जबरदस्तीने आत घातलात तर एक्सलचे आटे जातील आणि टूल बांधायचा मार्ग बंद होईल. म्हणून जुना क्रँक बोल्ट सोबत न्या आणि त्याच पिचचा लांब बोल्ट मागा. काही स्वस्त एक्सलच्या टोकाला बोल्टऐवजी बाहेर आलेला आटा आणि वर नट असतो. तो आटा टूलच्या भोकातून पुरेसा बाहेर आला तर नट-वॉशरने बांधा. नाही आला तर पुढच्या पद्धतीत दुसऱ्या माणसाला वरून भार द्यायला उभं करा.

उजवा कप आणि कार्ट्रिज एकजीव असल्यामुळे कप सुटताना एक्सलही त्याच्याबरोबर बाहेर येतो, म्हणून हा बोल्ट मध्येच सैल करावा लागत नाही. डाव्या सुट्या कपाला हीच युक्ती केली तर मात्र कप बाहेर सरकतो आणि एक्सल जागेवरच राहतो. मग बोल्टच अडसर होतो, तिथे पाव-पाव फेऱ्याला तो सैल करत जावं लागतं.

फ्रेम वाकेल का, हे तुम्ही विचारलंत. बसवताना अशा कपाला ५० ते ७० न्यूटन-मीटर जोर देतात. ६० सेंटिमीटरच्या पान्यावर ३० किलोचा भार दिला की साधारण १८० होतात, आणि जाम कपाला कधी कधी याहूनही जास्त लागतात. एवढ्याने स्टीलची फ्रेम वाकत नाही. भीती वेगळीच आहे. सायकल चाकांवर उभी असताना पान्याला पाईप लावला की अर्धा जोर सायकल पाडण्यात जातो, टूल तिरकं होतं, निसटतं आणि बोटं फ्रेमवर नाहीतर फरशीवर आपटतात. म्हणून मी उलटं करतो: टूल स्थिर ठेवतो आणि फ्रेम फिरवतो.

चाकं, हँडल, फोर्क, चेन सगळं काढून नुसती फ्रेम करा. कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याकडे किंवा गॅरेजमध्ये टेबलाला बोल्टने पक्का बसवलेला मोठा व्हाइस असतो, तिथे जा. टूलचा बाहेरचा षटकोन व्हाइसच्या जबड्यात आवळा, म्हणजे फ्रेम उजवी बाजू खाली करून आडवी राहील. एका हाताने हेड ट्यूब, दुसऱ्या हाताने मागचे ड्रॉपआउट धरा आणि ट्रकचं स्टीअरिंग फिरवावं तशी फ्रेम फिरवा. फ्रेमच एवढा लांब पाना झाल्यावर वेगळा पाईप कशाला हवा? शिवाय जोर फ्रेमच्याच पातळीत लागतो, जिथे ती सगळ्यात ताठ असते. दिशा मात्र जपा. आता तुम्ही वरून, म्हणजे डावीकडून बघताय आणि कपाऐवजी फ्रेम फिरवताय. दोन्ही गोष्टी उलटल्यामुळे बी.एस.ए. आट्यांसाठी फ्रेम पुन्हा घड्याळाच्या काट्याच्याच दिशेने फिरवायची. विश्वास बसत नसेल तर बाण काढलेली चिकटपट्टी बघा: टूल कपाला त्या बाणाकडे नेतंय की नाही, एवढंच पाहायचं.

झटके देऊ नका. अंगाचा भार हळूहळू टाका, दहा-पंधरा सेकंद धरून ठेवा, सोडा, पुन्हा. मधूनच एकाने बॉटम ब्रॅकेटच्या नळीवर ठोके देत राहावं. सुटताना बहुतेक वेळा 'टक्' असा कोरडा आवाज येतो. पण आवाज आला की लगेच खूश होऊ नका. कप हलला की टूल दातांवरून सरकलं? कपाच्या कॉलरवर आणि फ्रेमवर मिळून आधीच एक रेघ मारून ठेवा. आवाजानंतर रेघ तुटलेली दिसली तर कप हलला. रेघ जुळलेलीच असेल तर टूल सरकलंय. तिथेच थांबा आणि टूल पुन्हा नीट बसवा.

हलला, तरी सलग बाहेर ओढायचा नाही. पाव फेरा सोडा, थोडा परत आवळा, तेल टाका, पुन्हा सोडा. गंजाची भुकटी आट्यांत चिरडली गेली तर मधेच दुसऱ्यांदा जाम होतो, आणि तो जाम पहिल्यापेक्षा वाईट.

गेल्या पावसाळ्यानंतर मांद्र्याहून आलेली एक सायकल अगदी तुमच्यासारखीच होती. स्टील फ्रेम, स्टीलचा उजवा कप, डावा निघालेला आणि उजव्याचे दात घरीच निम्मे गुळगुळीत करून आणलेले. मालक ओहोटीला किनाऱ्यावर वाळूतून सायकल चालवायचे आणि घरी आल्यावर नळीने वरवर धुवायचे. सीटपोस्ट काढून फ्रेम उलटी केली तर आतून तांबडं पाणी आणि मूठभर वाळू पडली. वर सांगितलं तसं डाव्या तोंडातून तेल भरून ठेवलं. पहिले काही दिवस खाली डाग पडला नाही, म्हणून मी कपाला हातच लावला नाही. डाग दिसल्यावर टूल बोल्टने बांधून व्हाइसमध्ये घेतलं. तरीही रेघ तुटेना. मग हॉट एअर गनने बॉटम ब्रॅकेटची नळी बाहेरून तापवली.

तापवण्याबद्दल इथे थोडं थांबतो, कारण यात धातूप्रमाणे फरक पडतो. फ्रेम ॲल्युमिनियमची आणि कप स्टीलचा असेल तर उष्णतेचा फायदा जास्त, कारण ॲल्युमिनियम स्टीलच्या जवळजवळ दुप्पट फुगतं आणि आटे सैल होतात. पण ॲल्युमिनियमची फ्रेम शिजवायची नाही. पाण्याचा थेंब पडताच चुरचुरून उडाला की पुरे. फ्रेम स्टीलची आणि कप ॲल्युमिनियमचा असेल तर गरम असताना कप उलट जास्त घट्ट होतो. तिथे तापवून, पूर्ण थंड होऊ देऊन मग प्रयत्न करायचा. दोन्ही स्टील असतील तर बाहेरची नळी झटपट तापवायची आणि उष्णता कपापर्यंत पोचायच्या आत फिरवायचं. फायदा थोडाच, पण गंजाची पकड हलायला तेवढा पुरतो. कार्बन फ्रेमला यातलं काही करायचं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आत तेल आणि ॲसिटोन भरलेलं असताना ब्लो टॉर्च किंवा उघडी ज्योत कधीच नाही. हॉट एअर गन लावायची तरी आधी तेल पूर्ण निथळवून, पुसून, फ्रेम दिवसभर उघड्यावर वाळवून मगच, कारण आत कोंडलेली वाफही पेटते. रंगाला फोड येऊ शकतात, ते मालकाला आधी सांगून ठेवलेलं बरं.

त्या सायकलीला वाळवून, तापवून दोघांनी फ्रेम फिरवली तेव्हा रेघ सुपारीएवढी नव्हे, तांदळाच्या दाण्याएवढी सरकली. तिथेच थांबून थंड होऊ दिलं, पुन्हा तेल दिलं आणि मग मागे-पुढे करत कप बाहेर काढला. आट्यांच्या आतल्या टोकाचे दोन फेरे खाल्लेले निघाले, बाकीचे शाबूत होते. एवढ्यावर नवीन कप व्यवस्थित बसतो.

व्हाइसजवळ जाणं जमत नसेल तर टायरवाल्याकडे किंवा गॅरेजमध्ये इम्पॅक्ट गन असते. टूल बोल्टने बांधलेलं असेल आणि सॉकेट त्यावर बसत असेल तर छोटे छोटे ठोके हा पर्याय चांगला आहे. गनवरची दिशा बदलणारी कळ मात्र स्वतः बघा, कारण उलटे आटे गॅरेजवाल्याच्या रोजच्या कामातले नसतात आणि तो सवयीने सोडायची दिशा लावेल. तुमच्या कपासाठी ती आवळायची दिशा आहे.

हे सगळं करूनही दात पूर्ण गेले तर मग कापायचा विषय येतो, आणि तेव्हाही ग्राइंडर नाही. ग्राइंडरची चकती त्या भोकात मावत नाही, आणि बाहेरून लावली तर आधी फ्रेमच कापते. कप स्टीलचा असेल तर त्याच्या आत लोखंडाची पट्टी किंवा मोठा नट वेल्ड करून घ्यायचा. वेल्डिंगच्या उष्णतेनेच अनेकदा गंज सुटतो, आणि धरायला पकडही मिळते. याआधी फ्रेममधलं तेल पूर्ण पुसून, वाळवून घ्यायला हवं, वर सांगितलं त्याच कारणासाठी. वेल्डरला शक्य नसेल तर एक्सल आणि बेअरिंग ठोकून बाहेर काढायचे आणि हॅकसॉचं नुसतं पातं हातात धरून कपाला आतून बाहेरच्या दिशेने दोन खाचा पाडायच्या, एकमेकींपासून बोटभर अंतरावर. काम कंटाळवाणं आहे, दुपार जाते. दर थोड्या वेळाने थांबून बॅटरीने खाच बघा. खाचेच्या तळाशी फ्रेमच्या आट्यांची टोकं चमकायला लागली की थांबा. एखाद्या आट्यावर पात्याची बारीक रेघ उमटली तर घाबरू नका, पुढे त्रास होत नाही. मग मधला तुकडा छिन्नीने आतल्या बाजूला पाडला की राहिलेल्या कपाचा ताण जातो आणि तो पक्कडीने फिरतो.

कप निघाल्यावर आटे साफ करायला खास टॅप असतात, उजवा आणि डावा वेगळा. कोपऱ्यावरच्या सायकल दुकानात ते मिळतीलच असं नाही. मी पुष्कळदा एक जुना स्टीलचा उजवा कप वापरतो, ज्याच्या आट्यांवर करवतीने तीन आडव्या खाचा पाडलेल्या आहेत. तो तेल लावून हाताने आत-बाहेर केला की गंज खाचांमध्ये गोळा होतो. नवीन आटे तो पाडत नाही, फक्त असलेले साफ करतो. तुम्हाला तेवढंच हवंय. नवीन कप हाताने निदान तीन-चार फेरे सहज गेला पाहिजे. गेला नाही तर पाना लावू नका, आटे पुन्हा साफ करा.

बसवताना फ्रेमच्या आणि कपाच्या दोन्ही आट्यांना ग्रीस भरपूर लावा, नाहीतर तांब्याची अँटी-सीझ पेस्ट. नळीच्या आतल्या भिंतीलाही ग्रीसचा हात फिरवा. फ्रेमच्या खाली, बॉटम ब्रॅकेटच्या तळाला एक छोटं भोक असतं, ते चिखलाने बुजलेलं असेल तर तारेने मोकळं करा. ते पाणी निघून जाण्यासाठीच असतं. केरीसारख्या ठिकाणी राहता, तर चवथ झाली की सीटपोस्ट काढून फ्रेम एक रात्र उलटी ठेवा, आणि वर्षातून एकदा दोन्ही कप सोडून पुन्हा ग्रीस लावून बसवा. टूल आता तुमच्याकडे आहेच, आणि तो लांब बोल्टही त्याच्याबरोबरच ठेवून द्या.